दवाखान्यासाठी अर्धे पान अर्ज

दहावी-बारावीचे निकाल लागून महिना-दीड महिना झाला की आमच्याकडे जुन्या विद्यार्थिनी येऊ लागतात. कुणी पुढे शिकत असते आणि फीपुरते काम शोधत असते, कुणाचे शिक्षण थांबलेले असते. जवळच्या दवाखान्याच्या दारावर, मेडिकलच्या काचेवर किंवा कापडाच्या दुकानात ‘मुलगी पाहिजे, अर्जासह भेटावे’ अशी पाटी पाहिलेली असते. काम करायची इच्छा असते, घरून परवानगीही बहुधा मिळालेली असते. अडते ते अर्जापाशी. कोऱ्या कागदावर काय लिहायचे ते कळत नाही.

या वेळी आपण अशा एकाच अर्जाबद्दल बोलू. मोठी कंपनी, सरकारी खाते किंवा संस्थेची शाळा यांच्या अर्जाची रीत वेगळी असते. तिथे छापील नमुना असतो आणि अर्ज तपासायला माणसे असतात. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात किंवा दोन भावांच्या दुकानात असे काही नसते. तिथे अर्ज मालक स्वतः वाचतो, तोही कामाच्या गडबडीत. डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये कागद हातात घेतात किंवा दवाखान्याचा हिशेब पाहणाऱ्या बाईंकडे देतात. दुकानदार गल्ल्यावर उभ्याउभ्याच वाचतो. त्याला चार-पाच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. ही कोण, कुठे राहते, काय येते, कोणत्या वेळेला येऊ शकेल आणि कधीपासून येईल. एवढी उत्तरे सहज सापडली तर तो फोन करतो. ती लांबलचक वाक्यांत शोधावी लागली तर कागद टेबलाच्या खणात जातो.

आमची एक माजी विद्यार्थिनी अशाच एका दवाखान्यासाठी अर्ज लिहून आमच्याकडे तपासायला घेऊन आली होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग बारावी वाणिज्य, नंतर एमएस-सीआयटी. तिने लिहिलेला पहिला खर्डा असा होता :

“मा. डॉक्टरसाहेब यांच्या सेवेशी, विषय : नोकरी मिळणेबाबत विनंती अर्ज. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अत्यंत आदरपूर्वक विनंती करण्यात येते की, मी एक गरीब व होतकरू कुटुंबातील मुलगी असून आमच्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदार असून कोणतेही काम करण्यास तयार आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून आपल्या पदरी नोकरी देण्याची कृपा करावी. मी आपली आजन्म ऋणी राहीन. आपली आज्ञाधारक…”

यात शुद्धलेखनाची चूक जवळजवळ नव्हती. तरीही हा अर्ज चालणारा नव्हता. डॉक्टरांच्या जागी स्वतःला बसवून तो पुन्हा वाचून पाहा. ही मुलगी किती शिकली, कळत नाही. कुठे राहते, संध्याकाळी थांबेल का, संगणक येतो का, कळत नाही. सबंध अर्जातून एकच गोष्ट कळते, की तिला नोकरीची गरज आहे. ती तर अर्ज करणाऱ्या प्रत्येकीला असते.

ही भाषा येते कुठून, हे दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे आम्हांला चांगले ठाऊक आहे. उर्दू शाळेत मूल पहिला अर्ज लिहायला शिकते तो सुट्टीचा. ‘बखिदमत जनाब हेडमास्टर साहब’ अशी सुरुवात, ‘निहायत अदब के साथ गुज़ारिश है’ असा मधला भाग, ‘ऐन नवाज़िश होगी’ हा शेवट आणि खाली ‘आपका ताबेदार’. मराठी शाळेतला विनंती अर्जही याच घरचा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हा सरकारी कचेरीतून आलेला शब्दप्रयोग आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. सुट्टीच्या अर्जाला ही भाषा शोभते, कारण तिथे मूल वडीलधाऱ्यांकडे सवलत मागत असते आणि हेडमास्टर त्याला ओळखत असतात. त्यांना फक्त कारण आणि तारीख हवी असते. नोकरीच्या अर्जात नेमके उलटे असते. वाचणारा आपल्याला ओळखत नाही, आणि आपण सवलत मागत नसून त्याला हवे असलेले काम करायला तयार आहोत एवढे सांगत असतो. म्हणून इथे माहिती आधी. अदब एका नमस्कारात आणि एका ‘आपण’मध्ये पुरती मावते.

‘मेहनती, प्रामाणिक, जबाबदार’ हे तीन शब्द तर प्रत्येक अर्जात असतात. ते खोटे असतात असे नाही, पण वाचणाऱ्याला त्यांची खात्री करता येत नाही. त्याऐवजी ज्यातून हे गुण दिसतात ती गोष्ट लिहावी. आम्ही त्या मुलीला विचारले, “बारावीनंतर घरी बसून काय केलेस?” ती म्हणाली, “काही नाही. मामूंच्या पिठाच्या गिरणीचा हिशेब लिहिते तेवढाच.” आणखी विचारल्यावर कळले की दोन वर्षे रोजचा गल्ला मोजणे, दळणाची नोंद आणि उधारीची वही हे सगळे तीच पाहत होती. दवाखान्यातल्या बाईला फी घेऊन सुटे पैसे द्यावे लागतात आणि रात्री हिशेब जुळवून द्यावा लागतो. म्हणजे जे काम ती ‘काही नाही’ म्हणत होती, तेच तिच्या अर्जातले सर्वांत मोलाचे वाक्य होते. घरच्या दुकानात बसणे, वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणे, शिवणकामाच्या ऑर्डरी आणि तारखा सांभाळणे, ही सगळी कामेच आहेत. मोबदला मिळाला नसला तरी ती लिहावीत. मात्र किती दिवस केले ते खरे लिहावे.

भाषांचेही तसेच. उर्दू माध्यमातल्या मुलींना वाटते की ते सांगितले तर मराठी कच्चे समजतील. पण ज्या दवाखान्यात निम्म्या पेशंटच्या घरी उर्दू बोलतात, तिथे एखादी दादी आपले दुखणे तिच्या बोलीत दाराशी बसलेल्या मुलीला सांगू शकली, तर डॉक्टरांचे काम सोपे होते. म्हणून ‘मराठी, हिंदी आणि उर्दू बोलता येते’ एवढे साधे वाक्य घालावे.

आता वेळेचा प्रश्न, आणि अडचण बहुतेक वेळा इथेच येते. त्या दवाखान्याची वेळ सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 6 ते 9 अशी बाहेर पाटीवरच लिहिलेली होती. मुलीने घरी फक्त ‘दवाखान्यात काम आहे’ एवढेच सांगितले होते. आम्ही तिला परत पाठवले आणि वेळ सांगून विचारून ये म्हटले. अब्बांचा पहिला शब्द आला, “रात के नौ बजे तक?” दोन दिवस घरात बोलणे झाले. शेवटी असे ठरले की नऊ वाजता भाऊ घ्यायला येईल आणि ज्या दिवशी त्याची रात्रपाळी असेल त्या दिवशी अब्बा स्वतः येतील. त्यानंतरच अर्जात वेळेचे वाक्य आले. हे बोलणे अर्जाआधी व्हायला हवे. संध्याकाळी आठ ते नऊ हीच दवाखान्याच्या गर्दीची वेळ असते. वेळ मोघम ठेवून नोकरी मिळवली आणि पहिल्याच आठवड्यात ‘घरचे आठला बोलावतात’ म्हटले, तर डॉक्टरांची अडचण होते, मुलीचे नाव जाते, आणि पुढच्या मुलीला घेताना त्यांचा हात आखडतो. घरून साडेसातपर्यंतचीच परवानगी असेल तर तेच लिहावे. काही दवाखान्यांना फक्त सकाळसाठीही माणूस लागतो.

सगळे ठरल्यावर अर्ज असा झाला :

दिनांक : …

मा. डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

आपल्या दवाखान्याच्या दारावर रिसेप्शनिस्ट पाहिजे अशी पाटी पाहिली. त्या कामासाठी हा अर्ज देत आहे.

मी 2023 मध्ये वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले. एमएस-सीआयटीचा कोर्स पूर्ण केला आहे. गेली दोन वर्षे माझ्या मामांच्या पिठाच्या गिरणीचा रोजचा हिशेब आणि उधारीची वही मी लिहिते. मला मराठी, हिंदी आणि उर्दू बोलता येते. इंग्रजीत नावे आणि पत्ते लिहिता येतात. दवाखान्यात यापूर्वी काम केलेले नाही, पण नंबर लावणे, केसपेपर काढणे आणि फोन घेणे शिकून घेईन.

माझे घर दवाखान्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे. सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 6 ते 9 या दोन्ही वेळांना मी येऊ शकते. पुढच्या सोमवारपासून काम सुरू करता येईल.

आपण बोलवाल त्या वेळी भेटायला येईन.

आपली विश्वासू,
(सही)
(पूर्ण नाव, पत्ता)
मोबाईल : … (वडिलांचा आहे. दुपारी 2 ते 5 मी स्वतः फोन घेते.)

सोबत : बारावीची गुणपत्रिका आणि एमएस-सीआयटी प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स प्रती.

एवढाच अर्ज. वहीच्या कागदावर जेमतेम पाऊण पान, फुलस्केपवर अर्धे. आता त्यातल्या दोन-तीन जागा नीट पाहू.

पहिल्या वाक्यात पाटी कुठे पाहिली ते आहे. छोट्या ठिकाणी हे वाचणाऱ्याला लगेच कळते आणि बाकीचा अर्ज तो त्या कामाच्या दृष्टीने वाचतो. पाटी नसेल आणि कुणाकडून कळले असेल तर ‘आपल्याकडच्या नर्सताईंकडून कळले’ असे लिहावे. मात्र त्यांचा उल्लेख करण्याआधी त्यांना विचारावे.

‘दवाखान्यात यापूर्वी काम केलेले नाही’ हे वाक्य लिहायला मुलगी घाबरत होती. आम्ही ते ठेवायला लावले. न लिहिले तरी पहिल्या प्रश्नात ते कळणारच. आधी लिहिले की पुढचे ‘शिकून घेईन’ खरे वाटते. आणि ते शिकणे कशाचे, ते नाव घेऊन सांगितले आहे. नंबर, केसपेपर, फोन ही तीन कामे पाहिली की डॉक्टरांना कळते की ही मुलगी दवाखान्यात पेशंट म्हणून येऊन गेली आहे आणि तिने तिथले काम पाहिले आहे. उत्साहाच्या भरात ‘इंजेक्शन देता येते’, ‘सलाईन लावता येते’ असे मात्र लिहू नये. रीतसर प्रशिक्षण घेतले नसेल तर हे सांगणे धोक्याचे आहे, पेशंटसाठीही आणि स्वतःसाठीही. मेडिकल दुकानाचेही तसेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे देण्याचे काम कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे. त्यामुळे डी.फार्म. झालेले नसेल तर ‘बिल करणे, माल लावणे, साठ्याची नोंद ठेवणे यांत मदत करू शकते’ असे लिहावे. दुकानदाराला तेच हवे असते.

फोनचे वाक्य पुष्कळांना विचित्र वाटेल. पण अनेक घरांत मुलीचा स्वतःचा फोन नसतो. अर्जात भावाचा किंवा वडिलांचा नंबर दिला जातो आणि फोन आला की पलीकडून “कौन? किस काम के वास्ते?” असा आवाज येतो. दवाखान्यातून फोन करणारी बाई दुसऱ्यांदा करत नाही. नंबर कुणाचा आणि आपण कधी भेटू ते लिहिले, आणि घरी सगळ्यांना सांगून ठेवले, की ही अडचण उरत नाही.

नाव गुणपत्रिकेवर असते तसेच लिहावे. एकीकडे ‘शेख’, दुसरीकडे ‘शैख’, एकीकडे वडिलांचे नाव पुढे, दुसरीकडे मागे, असे होऊ नये. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आताचे नाव लिहून कंसात गुणपत्रिकेवरचे नाव द्यावे. सोबत फक्त झेरॉक्स द्याव्यात, मूळ गुणपत्रिका कुणाच्याही हातात सोडू नये. कुणी ‘काम करताय तोवर ठेवून घेतो’ म्हटले तरी नम्रपणे नाही म्हणावे. आधार कार्डाची प्रत अर्जाबरोबर देण्याची गरज नाही. कामावर घेतल्यावर मागितली तर द्यावी, आणि प्रतीवर कशासाठी दिली ते व तारीख लिहावी.

उर्दू माध्यमातल्या मुलामुलींनी आपला अर्ज आणखी एकदा, फक्त अक्षरांसाठी वाचावा. उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे ‘वेळ’ची ‘वेल’ होते आणि ‘मिळेल’चे ‘मिलेल’. ‘ण’च्या जागी ‘न’ येऊन ‘शिक्षण’चे ‘शिक्षन’ होते. मुली बोलण्याच्या सवयीने ‘मी पास झाली’ लिहितात, तिथे ‘मी पास झाले’ हवे. ‘दवाखानात’ नव्हे, ‘दवाखान्यात’. या चार जागा सुधारल्या की एवढ्याशा अर्जात सहसा फार काही उरत नाही. अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहावा. दवाखान्यात केसपेपरवर नाव हातानेच लिहायचे असेल, तर सुवाच्य अक्षर डॉक्टरांना अर्जातच दिसते.

आता हाच अर्ज दुसऱ्या ठिकाणी न्यायचा झाला तर काय बदलेल? लेडी डॉक्टर असतील तर ‘मा. डॉक्टर मॅडम’. पाटीवर नवरा-बायको दोघांची नावे असतील तर दोघांनाही उद्देशून. कापडाच्या दुकानासाठी मधला परिच्छेद बदलेल. गिऱ्हाईकाशी बोलणे, मीटर मोजणे, शिवणकामाची माहिती, सणाच्या दिवसांत जादा वेळ थांबता येईल का, ही तिथली माहिती. दोन भावांच्या छोट्या कारखान्यासाठी हिशेब, टायपिंग, मालाची आवक-जावक. दुकानदार आपल्याच समाजातले असतील तर ‘अस्सलामु अलैकुम’ने सुरुवात करणे अगदी स्वाभाविक आहे, मात्र त्यानंतर ‘चाचाजान’ म्हणून नात्याची गळ घालू नये. ओळखीच्या माणसालाही पगार आपल्याच गल्ल्यातून द्यायचा असतो. मुद्दे तेच राहतील : कोणते काम, काय येते, कुठे राहते, कधी येईल.

काही गोष्टी अर्जात न घालता भेटीसाठी ठेवाव्यात. पगार त्यातला एक. अर्जात आकडा लिहिला तर बोलणे तिथेच अडते. भेटीत ‘पगार किती आणि सुट्टी कोणत्या दिवशी’ हे मोकळेपणाने विचारावे, त्यात बेअदबी काही नाही. दुसरी गोष्ट रमजानची. संध्याकाळची वेळ 6 ते 9 असेल तर इफ्तार कामाच्या वेळेतच येतो. ‘रमजानमध्ये रोजा सोडायला आणि नमाजला पंधरा मिनिटे लागतील, त्या वेळात पेशंट थांबणार नाहीत अशी सोय आधी करून ठेवीन’ असे भेटीत, कामावर येण्याच्या आधीच सांगावे. बहुतेक डॉक्टर ऐकतात, कारण ते सोयीसह सांगितलेले असते. डोक्यावर ओढणी किंवा स्कार्फ घेत असाल तर त्याबद्दल अर्जात लिहिण्याचे कारण नाही. भेटीला नेहमीसारखेच जावे, म्हणजे जे आहे ते समोर दिसते.

अर्ज देण्याची वेळही पाहावी. दवाखाना उघडल्या उघडल्या किंवा गर्दीच्या वेळी जाऊ नये. दुपारी शेवटचे पेशंट निघत असताना जावे. दुकानात शुक्रवारी नमाजच्या वेळी किंवा बाजाराच्या दिवशी जाऊ नये. कागद स्वतःच्या हाताने द्यावा, सोबत अम्मी किंवा भाऊ असले तरी बोलावे आपणच. “पाटी पाहिली म्हणून अर्ज घेऊन आले” एवढे वाक्य पुरते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हटले तर कागदाचा तिरका फोटो पाठवू नये. हाच मजकूर सरळ टाईप करून खाली नाव लिहावे, म्हणजे मोबाईलवर वाचता येतो.

आठवडाभरात फोन आला नाही तर एकदा, फक्त एकदा, विचारावे : ‘मागच्या मंगळवारी रिसेप्शनिस्टच्या कामासाठी अर्ज दिला होता. जागा भरली का, एवढे कळवलेत तर आभारी राहीन.’ जागा भरली असेल तर तसे कळेल आणि दुसरीकडे जाता येईल. छोट्या गावात मुली लग्न होऊन जातात, शिकायला जातात, आणि तीच पाटी सहा महिन्यांनी पुन्हा लागते. नीट लिहिलेला अर्ज आणि नीट विचारलेला एक प्रश्न तेव्हा लक्षात असतो. म्हणून अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. पुढच्या वेळी फक्त तारीख, नाव आणि मधला परिच्छेद बदलावा लागेल.